विश्लेषण : फोटो झकास, पण आजी कुठे आहे? जुन्या फोटोवरून केलेली तसबीर ग्राहकाला देण्यापूर्वी काय तपासावे?

ओरोस : घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीचे निधन झाले की वर्षश्राद्धाच्या आत भिंतीवर तसबीर लागायला हवी, अशी घरोघरी घाई असते. हाताशी मात्र अनेकदा एकच फोटो असतो. तोही कुणाच्या तरी लग्नातला, वीस जणांच्या घोळक्यातला. पूर्वी असा फोटो घेऊन कुडाळ, मालवण, कणकवलीतल्या स्टुडिओत गेले की चेहरा कापून मोठा केला जायचा, धूसर दिसायचा आणि त्यावर कुणी तक्रारही करायचे नाही. आता सिंधुदुर्गनगरीतल्या लहानशा दुकानातही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या टूलने काही मिनिटांत तोच चेहरा लख्ख करून मिळतो. तक्रारीचे स्वरूपही त्याबरोबर बदलले. ‘फोटो बरो इलो, पण ही आमची आजी न्हय,’ असे नातू म्हणाला, तर स्टुडिओवाल्याने काय करायचे?

नातवाला खटकते काहीतरी, पण नेमके काय ते सांगता येत नाही. ते शोधून काढणे हे तसबीर हातात देण्यापूर्वीच्या तपासणीचे काम आहे. डोळे-भुवया, दात, कान आणि दागिने या चार ठिकाणी चूक होण्याची शक्यता सर्वाधिक असते.

टूल चेहरा ‘साफ’ करते म्हणजे काय करते?

एक उदाहरण घेऊ. समजा, १९८४ सालच्या लग्नातला पोस्टकार्ड आकाराचा फोटो आहे. त्यात आजीचा चेहरा केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत जेमतेम ९ मिलिमीटर. ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर या चेहऱ्याच्या वाट्याला उंचीत साधारण २१० पिक्सेल येतात. वरचा पुढचा एक दात त्या हिशेबाने १० पिक्सेल रुंद भरतो. तसबिरीत हाच चेहरा सहा इंच उंच हवा असेल, तर ३०० डीपीआयच्या छपाईला १८०० पिक्सेल लागतात आणि तोच दात ८५ पिक्सेल रुंद होतो. मूळ फोटोत दहा उभ्या रेघांइतकी माहिती होती, ती पंचाऐंशी रेघांवर पसरायची आहे. मधली जागा कुणीतरी भरावी लागते. टूल ती अंदाजाने भरते.

हा अंदाज कशावर बसतो, हे जाणून घेणे उपयोगाचे आहे. चेहरे दुरुस्त करणारी GFPGAN आणि CodeFormer ही दोन प्रसिद्ध टूल ‘एफएफएचक्यू’ नावाच्या संचावर शिकवली गेली आहेत. फ्लिकर संकेतस्थळावरून घेतलेले ७० हजार चेहरे त्यात आहेत. म्हणजे धूसर चेहरा दिसला की टूल त्या चेहऱ्यांमध्ये काय बहुधा असते ते आठवून रंगवते. जून २०२० मध्ये ‘पल्स’ नावाच्या अशाच एका पद्धतीला बराक ओबामा यांचा धूसर केलेला फोटो दिला गेला, तेव्हा समोर एक गोरा माणूस आला. त्यावरून जगभर वाद झाला. आपल्याकडच्या आजीच्या बाबतीत वाद होत नाही, फक्त घरचे लोक गप्प होतात.

CodeFormer मध्ये हा अंदाज किती चालू द्यायचा हे ठरवता येते. कमांडमधला `-w` हा आकडा ० ते १ या दरम्यान असतो. शून्याकडे नेला की चेहरा अधिक चकचकीत, पण मूळ व्यक्तीपासून दूर. एककडे नेला की मूळच्या जवळ, पण खडबडीत.

```
python inference_codeformer.py -w 0.7 --input_path photo_folder
```

तसबिरीसाठी ०.५, ०.७ आणि ०.९ अशा तीन प्रती काढून शेजारी ठेवल्या तर टूलने कुठे कल्पना लढवली ते लगेच दिसते. तिन्ही प्रतींत जे सारखे आहे ते बहुतेक फोटोतले. जे प्रत्येक प्रतीत बदलते ते टूलच्या पदरचे. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये हा आकडा दिसत नाही. तिथे तपासणी जास्त कडक हवी.

चेहरा दोन्हीकडे सारखा असायला हवा का?

नाही, आणि नवशिक्या तपासणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. एक भुवई किंचित वर, एक डोळा थोडा लहान, ओठांचा एक कोपरा खाली, नाक जरासे एकीकडे. घरच्यांना माणूस ओळखू येतो तो या वाकडेपणासकट. टूल सरासरीकडे झुकते, त्यामुळे ते हा वाकडेपणा पुसते. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या शिवराजेश्वर मंदिरातली शिवाजी महाराजांची मूर्ती दाढीविना आहे. महाराजांची सगळी चित्रे पाहून त्यांची सरासरी काढणाऱ्या यंत्राला ही मूर्ती चुकलेलीच वाटेल. आजीच्या चेहऱ्याबाबतही तेच घडते.

म्हणून तपासताना ‘दोन्ही बाजू सारख्या आहेत का’ हा प्रश्न विचारायचा नाही. ‘मूळ फोटोत ज्या बाजूला जितका फरक होता, तितकाच त्याच बाजूला उरला आहे का’ हे पाहायचे.

त्याची सोपी पद्धत अशी. मूळ स्कॅन तसबिरीच्या आकाराइतका मोठा करायचा, धूसर दिसला तरी चालेल. तयार चित्र त्याच्या वरच्या लेयरवर ठेवायचे आणि दोन्ही बुबुळे एकमेकांवर बसतील असे जुळवायचे. मग वरचा लेयर बंद-चालू, बंद-चालू करत राहायचे. जे जागेवर आहे ते स्थिर दिसते, जे हलले आहे ते उडी मारते. भुवई उडी मारते, ओठाचा कोपरा वर सरकतो, गालावरचा तीळ गायब होतो. शेजारी-शेजारी ठेवून अर्धा तास पाहिले तरी जे लक्षात येत नाही, ते असे दहा सेकंदांत कळते.

यानंतर दोन आडव्या रेषा आखायच्या, एक दोन्ही बुबुळांमधून आणि दुसरी ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांमधून. मूळ फोटोत त्या दोन रेषांमध्ये जो कोन होता तोच तयार चित्रात हवा. आजीने मान थोडी कलती ठेवली असेल, तर दोन्ही रेषा एकत्र कलतील, त्यात गैर काही नाही. डोळ्यांची रेषा कलती आणि तोंडाची अगदी सपाट, असे झाले की चेहरा दोन वेगळ्या माणसांचा जोडल्यासारखा वाटतो. डोळ्यांत चमकणारे पांढरे ठिपकेही पाहावेत. उजेड एकाच बाजूने येत असेल तर दोन्ही बुबुळांत ठिपका साधारण एकाच ठिकाणी पडतो. एकात वर डावीकडे आणि दुसऱ्यात मधोमध असेल तर नजर हरवलेली दिसते.

चित्र आडवे उलटवून पाहण्याची युक्ती चित्रकारांमध्ये शेकडो वर्षे जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीनेही आपले चित्र आरशात पाहून तपासण्याचा सल्ला दिला होता. डोळ्याला सवय झालेली चूक उलट चित्रात नव्याने दिसते. मात्र याच उलटसुलटपणात एक धोका आहे. अनेक फोनचा सेल्फी कॅमेरा चित्र आरशासारखे उलटे जतन करतो. १९७७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की माणसाला स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडतो, तर त्याच्या मित्रांना सरळ फोटोतला. तसबीर पाहणारे लोक घरचे असतात. त्यांनी आजीला आरशात नाही, समोरून पाहिलेले असते. उलटा राहिलेला फोटो त्यांना न सांगता येण्याजोगा परका वाटतो.

उलटा फोटो कपड्यांवरून ओळखता येतो. आपल्याकडच्या नेहमीच्या नेसणीत पदर डाव्या खांद्यावर असतो. पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी उजवीच्या वर येते. नथ डाव्या नाकपुडीत, भिकबाळी उजव्या कानात. यातले काहीही उलट दिसले तर आधी फोटोच उलटा नाही ना, ते पाहावे. गुजराती पद्धतीने नेसलेल्या साडीत पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, एवढा अपवाद लक्षात ठेवावा.

दात मोजायचे कसे?

चित्र २०० टक्के मोठे करून फक्त तोंड पाहावे. सुरुवात मधल्या रेषेपासून करावी. वरच्या दोन मोठ्या दातांमधली फट नाकाच्या खाली, ओठाच्या वरच्या खळीच्या सरळ रेषेत येते. काहींची ती एखाद-दोन मिलिमीटर बाजूला असते. पण तिथे फटीऐवजी एक अख्खा दात मधोमध उभा असेल, तर ते टूलचे काम. मधल्या रेषेपासून बाहेर जाताना क्रम ठरलेला आहे : मोठा दात, मग थोडा लहान, मग टोकदार सुळा. टूल अनेकदा सगळे दात एकाच मापाचे काढते किंवा एका बाजूला एक दात जास्त घुसवते. चेहरा थोडा वळलेला असेल तर जवळच्या बाजूचे दात जास्त दिसतात, त्यामुळे दोन्हीकडची संख्या सारखी येत नाही, हे बरोबरच आहे. मधली रेषा मात्र नाकाबरोबर वळलेली हवी.

ती वळत नाही, ही जुनी व्याधी आहे. एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी ‘स्टाइलगॅन’ची दुसरी आवृत्ती मांडताना पहिल्या आवृत्तीतला हाच दोष दाखवला होता : चेहरा एकीकडे वळला तरी दात कॅमेऱ्याकडे तोंड करून जागच्या जागी राहत. नव्या टूलमध्ये हे कमी झाले असले तरी वळलेला, हसरा, लहान आकाराचा चेहरा दिला की अजूनही नजर आधी तिथेच टाकावी.

हे झाले कुणाच्याही तोंडात नसतील असे दात. दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. त्यात दात अगदी नीट, सुंदर दिसतात, पण ते आजीचे नसतात. आपल्या उदाहरणातल्या आजीच्या पुढच्या दोन दातांत फट होती, असे धरू. मूळ स्कॅनमध्ये ती फट दोन पिक्सेलची गडद रेघ आहे. टूलच्या दृष्टीने तो डाग. त्याने तो भरून टाकला. पानाने रंगलेले दात पांढरे केले, पडलेला दात परत बसवला. शास्त्राच्या दृष्टीने यात चूक काढता येणार नाही, म्हणूनच इथे माहीतगार माणसालाच विचारावे लागते. ऑर्डर घेतानाच ‘पुढच्या दातांत फट होती का, कुठला दात पडला होता का, कवळी होती का’ हे तीन प्रश्न कागदावर लिहून घेतले तर पुढचा वाद टळतो.

एक आणखी पाहावे. मूळ फोटोत तोंड मिटलेले असताना ओठांमधली पांढुरकी रेघ टूलला दात वाटू शकते. मग गंभीर उभी असलेली बाई हसू लागते. त्या काळच्या लग्नाच्या फोटोंत हसणारी माणसे किती असायची, हे ज्यांनी जुने अल्बम पाहिले आहेत त्यांना सांगायला नको.

कान का बिघडतात?

याचे कारण टूलच्या कामाच्या पद्धतीत आहे. वर सांगितलेली टूल आधी फोटोतला चेहरा ओळखतात, तो सरळ करून ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या चौकोनात कापून घेतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा मूळ फोटोत चिकटवतात. कान या चौकोनाच्या कडेला येतात. त्यामुळे गाल लख्ख, कानाचा पुढचा भाग लख्ख आणि मागची कड धूसर, अशी शिवण दिसते. केस, गजरा आणि कानातले यांच्यावरूनही हीच शिवण जाते. ती शोधायला चित्राची चमक थोडी वाढवून चेहऱ्याच्या कडेने नजर फिरवावी.

कानाची उंची हे दुसरे माप. मान सरळ असेल तर कानाचा वरचा काठ साधारण भुवईच्या आणि खालचा नाकाच्या बुडाच्या पातळीत येतो. मान वर उचलली तर कान खाली सरकल्यासारखे दिसतात, खाली घातली तर वर. दोन्ही कान मात्र एकाच नियमाने सरकायला हवेत. मग पाळी पाहावी. ती गालाला चिकटलेली आहे की सुटी लोंबती? एका माणसाचे दोन कान हुबेहूब नसले तरी एक चिकटलेला आणि दुसरा सुटा, असे सहसा नसते. कानाची घडण माणसागणिक इतकी वेगळी असते, की एकोणिसाव्या शतकात पॅरिस पोलिसांतील आल्फोन्स बर्तियाँ यांनी गुन्हेगार ओळखण्याच्या आपल्या पद्धतीत कानाला महत्त्वाचे स्थान दिले होते.

आपल्या उदाहरणात आजीचा चेहरा थोडा वळलेला असल्याने एकच कान दिसतो आणि तोही धूसर. नातवाकडे २०१० सालचा दुसरा, स्पष्ट फोटो आहे. त्यातला कान उचलून इथे बसवला तर? मोह होतो, पण कान वयाबरोबर वाढतो. १९९५ मध्ये ब्रिटनमधील डॉ. जेम्स हीथकोट यांनी २०६ रुग्णांचे कान मोजले, तेव्हा वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर वाढ दिसली. २६ वर्षांत हा फरक साडेपाच मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि सहा इंची चेहऱ्यावरही तो जवळपास पाच मिलिमीटर दिसेल. शिवाय आयुष्यभर जड कुड्या घातलेल्या बाईची पाळी ओघळलेली असते, भोक लांबट झालेले असते. चाळिशीतल्या चेहऱ्याला साठी उलटलेला कान लागतो. घडण पाहण्यासाठी नंतरचा फोटो जरूर वापरावा. आकार मूळ फोटोचाच ठेवावा.

दागिन्यांची चूक एवढी मोठी का?

कारण चेहऱ्यातला फरक सांगता आला नाही तरी दागिन्यातला फरक घरातली प्रत्येक बाई बोट ठेवून दाखवते. त्या कुड्या कदाचित आज सुनेच्या कानात असतात.

टूलला दागिना म्हणजे काय हे माहीत नसते, त्याला फक्त चमकणारे ठिपके दिसतात. त्यामुळे मोत्यांची कुडी एका कानात फुलासारखी आणि दुसऱ्यात साधा खडा, असे होते. वळलेल्या चेहऱ्यात जो कान दिसतच नाही, तिथे केसांतून कुडी डोकावते. नथीसारखा दागिना त्या ७० हजार चेहऱ्यांत विरळाच असणार. म्हणून तिचा आकडा नाकपुडीत न जाता गालावर संपतो किंवा मोती ओठात विरघळतो.

मंगळसूत्र तपासताना बोट ठेवून सर मागावा. मानेच्या एका बाजूने निघालेला सर वाट्यांपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने तितक्याच पदरांनी वर जातो का? दोन पदरी सर मध्येच एकपदरी होणे, काळे मणी सावलीत मिसळून जाणे, दोन वाट्यांचे एकच नाणे होणे या नेहमीच्या चुका. पदराखाली सर गेला असेल तर तो पुन्हा बाहेर कुठे येईल, याचा अंदाज घ्यावा. बांगड्या दिसत असतील तर मूळ फोटोत मोजता येतील तेवढ्या मोजाव्यात.

याहून नाजूक बाब म्हणजे मूळ फोटोत नसलेली गोष्ट येणे. कपाळावरचा डाग कुंकू होतो, गळ्यावरची सुरकुती साखळी होते. ज्या बाईने पतीच्या निधनानंतर अनेक वर्षे कुंकू लावले नव्हते, तिच्या तसबिरीत ते उमटले तर काही घरांना ते चालेल, काही घरांना अजिबात चालणार नाही. उलट, सवाष्ण गेलेल्या बाईचे मंगळसूत्र पुसले गेले तर तो दोष कुणीही पोटात घालणार नाही. यात स्टुडिओवाल्याने स्वतःचा निर्णय देऊ नये. जे फोटोत आहे ते ठेवावे, बदल हवा असेल तर तो घरच्यांनी सांगावा.

चूक सापडली तर?

पुन्हा टूलमधून काढणे हा बहुतेकांचा पहिला उपाय. त्यात दात सुधारतो तर कान बिघडतो. त्यापेक्षा चांगल्या प्रतीत बिघडलेली जागा तेवढी मास्क करून तिथे मूळ स्कॅनचा भाग आणावा. तोंड आणि कान थोडे मऊ, धूसर राहिले तरी ते तिचे असतात. चेहरा गुळगुळीत आणि तोंड दाणेदार असा फरक डोळ्यात येऊ नये म्हणून शेवटी संपूर्ण चित्रावर हलका दाणा चढवावा.

तरीही फोटोत नसलेली माहिती येत नाही, हे कबूल करावे लागते. ९ मिलिमीटरच्या चेहऱ्यातून १२ बाय १८ इंचांची तसबीर ओढूनताणून निघते. ८ बाय १० इंचांची प्रामाणिकपणे निघू शकते. चेहरा तीन इंचांवर आणला की टूलने भरायची जागाही निम्म्याहून अधिक कमी होते. ग्राहकाला मोठी फ्रेमच हवी असेल तर भोवती रुंद माउंट देता येतो.

मंजुरीसाठी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर दाबला जाऊन नेमके दात आणि मणीच अस्पष्ट होतात. ‘छान झालाय ना?’ असे विचारले की कुणीही हो म्हणते. ‘काय वेगळे वाटते?’ असे आजीला रोज पाहिलेल्या दोघांना वेगवेगळे विचारावे. दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवले, मग ते तोंड असो की भुवई, तर तिथे पुन्हा लेयर बंद-चालू करून पाहावे. ते झाल्यावर छोटी प्रत कागदावर काढून हातभर अंतरावरून बघावी, कारण पडद्यावर न दिसलेली शिवण कागदावर दिसते.

फ्रेम देताना मूळ फोटो आणि त्याचा कोणताही बदल न केलेला स्कॅनही ग्राहकाच्या हातात द्यावा. पुढे दुसरा, मोठा फोटो मुंबईच्या एखाद्या नातेवाइकाच्या ट्रंकेत सापडला, तर काम पुन्हा त्या स्कॅनपासूनच सुरू करता येते.